मरूनचं पिस्ता करताना हँडल, ओटा आणि फ्रिजची कड कशी राखायची

*"कुडाळला आमचं मॉड्युलर किचनचं वर्कशॉप आहे. जुन्या शटरवर नवीन सनमायका लावून देतो. गिऱ्हाईकाला आधी फोटोत रंग बदलून दाखवावा लागतो. आत्ता मरूनचा फिकट पिस्ता करतोय, पण हँडलभोवती लाल रेघ राहते, चिमणी-फ्रिजच्या कडा बिघडतात आणि कपाटं प्लास्टिकची वाटतात. रंग फक्त कपाटांचा बदलावा. हँडल, ग्रॅनाइटमधलं प्रतिबिंब आणि उपकरणांच्या कडा जशाच्या तशा राहाव्यात. फोटो मोबाइलचे, फोटोशॉप आहे. कसं करावं?"*

प्लास्टिकची तक्रार आधी घेतो, कारण तिचं उत्तर बहुतेकांना उलट सुचतं. मरूनचा पिस्ता करणं हा रंग बदलण्यापेक्षा उजेड बदलण्याचा प्रश्न आहे. अलीकडेच केलेल्या एका कामातले आकडे सांगतो. जुन्या ग्लॉसी शटरच्या मधोमध रंग मापला तर R ११२, G ३४, B ४० आला. नव्या सनमायकाचा त्याच खोलीतला रंग R १७६, G १९०, B १६८. प्रत्यक्ष प्रकाशाच्या हिशेबात दुसरा पहिल्यापेक्षा सुमारे दहापट उजळ आहे. तुम्ही बहुधा वर हिरवा Solid Color टाकून त्याचा ब्लेंड मोड `Color` करत असाल. हा मोड खालचा उजेड तसाच ठेवतो, त्यामुळे पिस्ता न होता बाटलीसारखा गडद हिरवा होतो. मग `Curves` ओढून उजळ करता. इथे शटरवर पडलेली खिडकीची चमक पांढरीफटक होते आणि अंधाऱ्या भागातले चौकोनी डाग वर येतात. प्लास्टिक दिसतं ते त्यामुळे.

आता एक प्रयोग करा. `Channels` पॅनेल उघडा आणि आधी `Blue`, मग `Red` असं एकेकच दाखवा. निळ्यात शटर जवळजवळ काळं दिसेल आणि त्यावरची खिडकीची झळाळी डोळ्यांवर येईल. लाल चॅनेलमध्ये तेच शटर मध्यम राखाडी, स्वच्छ, आणि झळाळी मवाळ. शटर एकच, फोटो एकच. ग्लॉसी सनमायकावर जी चमक पडते ती सनमायकाच्या रंगाची नसते, उजेडाच्या रंगाची असते. ती तिन्ही चॅनेलमध्ये साधारण सारखीच भर घालते. खालचा रंग काळपट असेल तर ती भर उठून दिसते, फिकट असेल तर विरून जाते. खऱ्या पिस्ता शटरवरही खिडकी अशीच विरलेली दिसणार आहे. म्हणजे फिकट कपाटाचं अर्धं चित्र मरून फोटोच्या लाल चॅनेलमध्ये आयतंच आहे, शिवाय तिथून चढायचं अंतर ५८ वरून १८३ नसून ११२ वरून १८३ एवढंच राहतं. (`Color` मोडच्या मापाने मरूनचा उजेड ५८ भरतो आणि पिस्त्याचा १८३.) कपाट निळं असतं तर निळा चॅनेल घेतला असता, मात्र मोबाइलच्या फोटोत निळा चॅनेल बहुतेक वेळा जास्त खरखरीत असतो.

मूळ थराला कुलूप लावून ठेवा आणि त्यावर एक ग्रुप करा. ग्रुपमध्ये सगळ्यात खाली `Channel Mixer`. त्यात `Monochrome` वर टिक, Red १००, Green आणि Blue शून्य. त्यावर `Curves`. कर्व्हला तीनच बिंदू द्या: ११२ चा १८३, २० चा साधारण २४, आणि २३५ चा २४५. मधला बिंदू रंगाचा. खालचा बिंदू दोन शटरमधल्या फटी काळ्या राहाव्यात म्हणून. त्या राखाडी झाल्या की कपाटं भिंतीवर रंगवल्यासारखी दिसतात. सगळ्यात वर पिस्त्याचा Solid Color, मोड `Color`. आता शटरच्या मधोमध मापलंत तर आकडे १७६, १९०, १६८ च्या आसपास यायला हवेत. एक काम उरतं: झळाळीला हिरवी छटा लागलेली असते आणि खऱ्या चमकेला ती नसते. Solid Color च्या थराच्या नावाशेजारच्या मोकळ्या जागेवर डबल क्लिक करून `Blend If` मध्ये `Underlying Layer` चा उजवा काटा Alt दाबून दोन भागांत फोडा, एक २२५ वर आणि दुसरा २५० वर. चमक पुन्हा पांढरी होते.

पिस्त्याचे आकडे कॅटलॉगच्या पानावरून घेऊ नका. माप घ्यायला जाल तेव्हा सनमायकाच्या नमुन्याचे दोन तुकडे खिशात ठेवा, एक खिडकीजवळच्या शटरवर आणि एक कोपऱ्यातल्या शटरवर टेपने चिकटवा आणि एक फोटो घ्या. मग तुकडे काढून, मोबाइल न हलवता, फोकसवर बोट दाबून उजेड लॉक केलेलाच ठेवून दुसरा. आकडे पहिल्यातून, काम दुसऱ्यावर. कोकणातल्या घरांत, दारासमोर जांभ्याचा चिरा आणि बाजूला माड असले की सकाळचा उजेड एका बाजूने लालसर आणि दुसऱ्या बाजूने हिरवट येतो. कॅटलॉगला हे माहीत नसतं, चिकटवलेल्या तुकड्याला असतं.

आता मास्क. इथे माझी एक फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मालवणजवळच्या एका होमस्टेचं किचन मला असंच मरूनचं हिरवं करायचं होतं. मी `Color Range` ने लाल रंग निवडला, कपाटं झटकन निवडली गेली, मी खूश. फोटो पाठवला तर मालकीणबाईंचा फोन: "काय रे, हँडलार शेवाळ कसा इला?" मोठा करून बघितलं तर खरंच, खाऱ्या वाऱ्याने हँडलवर गंजाचे जे बारीक ठिपके पडले होते, ते सगळे हिरवे झाले होते. फळीवरचा तांब्याचा हंडा अर्धा हिरवा, आगळाची बाटली हिरवी, आणि खिडकीतून दिसणाऱ्या कुंपणाचा चिरासुद्धा. गंज, तांबं, आगळ, जांभा हे सगळे मरूनच्याच घरातले रंग. तेव्हापासून आपल्या भागातल्या किचनला मी रंगावरून निवड करत नाही, आकारावरून करतो.

म्हणजे `Pen Tool`. किचनच्या कामात तो वाटतो तेवढा त्रासाचा नाही, कारण शटरच्या कडा सरळ असतात. चार टिचक्यांत एक शटर. मोबाइलच्या लेन्समुळे फोटोच्या टोकाकडच्या कडा किंचित बाक घेतात, तिथे मध्ये एक बिंदू वाढवा. शटरचे पाथ वेगळे, हँडलचे वेगळे, उपकरणांचे वेगळे ठेवा आणि ग्रुपच्या मास्कमध्ये आधी शटर भरून मग बाकीचं वजा करा. हँडल वजा करताना नवशिका माणूस हँडलची सावलीही त्यासोबत वजा करतो. सावली शटरवर पडलेली आहे, ती शटरची. ती बाहेर राहिली तर पिस्ता शटरवर हँडलखाली मरून पट्टा उरतो, आणि बघणाऱ्याला चूक नेमकी सांगता आली नाही तरी काहीतरी खटकतं. D आकाराच्या हँडलमधून पलीकडचं शटर दिसतं, ती खिडकीही विसरू नका.

मास्कची कड किती मऊ ठेवायची याला एक आकडा नाही, आणि तुमच्या चिमणी-फ्रिजच्या कडा बिघडण्याचं कारण मला हेच वाटतं. हँडल फोकसमध्ये असतं. ४०० टक्क्यांवर मोजलं तर मरूनपासून स्टीलपर्यंत जायला दीड-दोन पिक्सेल लागतात, तिथे ०.७ पिक्सेलचा फेदर पुरतो. फ्रिज मात्र कॅमेऱ्याच्या जवळ, जरा धूसर. त्याची कड सहा-आठ पिक्सेलांत विरघळते. तिला ०.७ ची कड दिली तर फ्रिज कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो, आणि हँडलला ३ ची दिली तर त्याच्याभोवती धुकं पडतं. प्रत्येक उपकरणाची कड आधी मोठी करून पिक्सेल मोजा, तेवढ्यासाठी वेगळी निवड करून त्या मानाने फेदर द्या. ज्या पिक्सेलमध्ये अर्धं शटर आणि अर्धं स्टील आहे, तिथे मास्कही अर्धाच असला पाहिजे, एवढंच सूत्र आहे.

आता ती लाल रेघ. तुम्ही मास्क कितीही नेमका केलात तरी ती राहील, कारण ती मास्कच्या बाहेर आहे. मोबाइलची जेपीईजी फाइल सहसा उजेड प्रत्येक पिक्सेलचा साठवते, पण रंग मात्र दोन बाय दोन अशा चार पिक्सेलांना मिळून एकच. त्यामुळे उजेडाची कड धारदार असते आणि रंग तिच्यापलीकडे एक-दोन पिक्सेल सांडलेला असतो. याच कामात हँडलच्या मधोमध स्टील R १६८, G १६७, B १६५ होतं, पण अगदी काठावर R १७१, G १३८, B १४०. उजेड बऱ्यापैकी स्टीलचा, रंग कपाटाचा. कपाट मरून असताना हे कुणाच्या डोळ्यात भरत नव्हतं. शेजारी पिस्ता आला की लाल काठ पेटून उठतो. लोक मग मास्क हँडलवर आत ढकलतात, त्याने हँडल बारीक होतं आणि त्याची कड हिरवी होते.

उपाय असा: ग्रुपच्या वर एक `Hue/Saturation` थर घ्या, त्यात वरच्या यादीतून `Reds` निवडा आणि सॅच्युरेशन उणे ६० ते उणे ८० करा. थराचा मोड `Color` ठेवा म्हणजे उजेडाला धक्का लागणार नाही. त्याचा मास्क पूर्ण काळा करून, हँडलच्या पाथवर तीन-चार पिक्सेलच्या पांढऱ्या ब्रशने `Stroke Path` द्या. फक्त काठाचा पट्टा उघडतो, आतले गंजाचे ठिपके आणि स्टीलमधली प्रतिबिंबं तशीच राहतात. "हँडल जसंच्या तसं" या अटीत हे बसतं का? माझ्या मते बसतं, कारण तो लाल रंग हँडलचा नव्हताच. याची दुसरी बाजूही सांगून ठेवतो: रंग हँडलवर सांडला तेवढा शटरच्या बाजूने कमी झालेला असतो, म्हणून लाल चॅनेलमध्ये शटरच्या काठाला एक पिक्सेलची काळसर रेघ येऊ शकते. हँडलखाली ती सावलीत खपून जाते. वरच्या काठाला दिसली तर ग्रुपच्या वर एक रिकामा थर घ्या, क्लोन ब्रशचं `Sample` `Current & Below` वर ठेवा आणि शेजारच्या पिस्ता शटरवरून नमुना घेऊन बारीक ब्रशने मिटवा.

ग्रॅनाइटचं प्रतिबिंब राखणं त्या मानाने सोपं आहे, कारण तिथे काही करायचंच नाही. ओट्याचा पाथ ग्रुपमधून वजा केला की झालं. ओट्याच्या पुढच्या गोल मोल्डिंगची खालची कड मात्र नीट बघा. ती शटरच्या वरच्या सावलीत बुडालेली असते, आणि कर्व्हने सावली उजळली की मोल्डिंगचा खालचा अर्धा भाग पिस्ता होऊन बसतो. ती कड दिसत नसेल तर तात्पुरता एक `Curves` थर टाकून फोटो भरपूर उजळ करा, पाथ काढा, थर फेकून द्या.

पण प्रतिबिंब तसंच ठेवावं का, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायला हवा, आणि त्याचं उत्तर फोटो कुठून घेतलाय त्यावर आहे. ओट्यासमोर उभं राहून घेतलेल्या फोटोत काळ्या ग्रॅनाइटमध्ये मागच्या टाइल्स, बरण्या आणि खिडकी दिसते. वरची कपाटं बहुधा दिसतच नाहीत. ती बघायला ओट्यात जवळजवळ सरळ खाली वाकून पाहावं लागेल. अशा फोटोत ओट्याला हात लावायचं कारणच नाही. पण फोटो ओट्याच्या लांबीच्या दिशेने घेतला असेल तर टोकाचं उभं कपाट ग्रॅनाइटमध्ये उलटं दिसतं, आणि नजर जितकी तिरपी तितकं स्पष्ट. पॉलिश केलेला काळा दगड सरळ वरून पाहिला तर जेमतेम चार-पाच टक्के उजेड परत फेकतो, तिरप्या नजरेला त्याच्या कितीतरी पट. तिथे वर पिस्ता कपाट आणि खाली दगडात मरून कपाट असं चित्र होतं.

अशा वेळी मी दोन्ही ठेवतो. तुमच्या अटीप्रमाणे ओटा अस्पर्श असलेलं मूळ काम, आणि त्यावर एक वेगळा, बंद ठेवलेला थर: पिस्त्याचाच Solid Color, मोड `Color`, ओपॅसिटी ५० च्या आसपास, मास्क फक्त त्या उलट्या कपाटापुरता आणि खालच्या टोकाकडे विरत जाणारा. उजेड, आकार, दगडाचे ठिपके काहीच हलत नाही, फक्त लाली जाते. खरं तर फिकट कपाटाचं प्रतिबिंब थोडं उजळही दिसायला हवं, पण तो खेळ मी करत नाही, उजेडाला हात लावला की दगड काळा न राहता राखाडी दिसायला लागतो, आणि गिऱ्हाईक विचारतं, "ग्रॅनाइट पण बदलणार का?" चिमणीच्या स्टीलच्या बाजूवर शेजारच्या कपाटाचा जो लाल पट्टा उमटतो, त्यालाही हाच नियम.

फोटो पाठवायच्या आधी काय बदललं आणि काय नाही हे डोळ्यांवर सोडू नका. मूळ थराची नक्कल सगळ्यात वर नेऊन तिचा मोड `Difference` करा. जिथे काहीच बदललं नाही तिथे शुद्ध काळं दिसतं. त्यावर एक `Levels` थर टाकून उजवा काटा २० पर्यंत आत आणा, म्हणजे बारीक फरकही पेटतील. ओटा, शेगडी, फ्रिज, मिक्सर ठार काळे हवेत, हँडलभोवती फक्त केसाएवढी रेघ. मला अशा तपासणीत एकदा गॅसच्या नळीवर आणि एकदा भिंतीवरच्या स्विचबोर्डावर ब्रशचे ओरखडे सापडले होते; नुसत्या डोळ्यांना ते दिसले नव्हते. ही तपासणी फोटोशॉपच्या फाइलमध्येच करा. जेपीईजी करून पुन्हा उघडलीत तर दाबामुळे सगळीकडेच थोडा फरक दिसेल आणि तुम्ही उगाच घाबराल.

दोन ठिकाणी ही रीत चालत नाही. जुन्या शटरवर लाकडाचे रेषे असतील आणि नवा रंग साधा असेल, तर रेषे उजेडात असल्यामुळे पिस्त्यातही उमटतात. तिथे शटरचा पृष्ठभाग नव्याने रंगवावा लागतो आणि ते वेगळं काम आहे. तसंच ग्लॉसीचं मॅट करायचं असेल तर चमक आधी काढावी लागेल, नुसत्या रंगाने ती जात नाही.

आणि गिऱ्हाईकाने स्वतः काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला असेल तर त्यावर काम सुरूच करू नका. आकार लहान होतो आणि फाइल दुसऱ्यांदा दाबली जाते, त्यात हँडलची कड सोडवता येत नाही. तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि तुमचे दोन तास वाचतात.